फंडाचे पैसे उशिरा आले? कंपनीकडून कारण आणि १५ टक्के व्याज कसं मागायचं, सगळं सविस्तर

मागच्या काही महिन्यांत तीन-चार जणांनी मला हेच विचारलं, की म्युच्युअल फंडातून पैसे काढायला टाकले, युनिट्स लगेच वजा झाले, आणि पैसे मात्र दहा-बारा दिवस आलेच नाहीत, मग आले ते मुद्दल तेवढंच, तर मधल्या दिवसांचं व्याज मागता येतं का. येतं. आणि ते कंपनीने मेहरबानी म्हणून द्यायचं नसतं, सेबीचा नियम आहे. २५ नोव्हेंबर २०२२ च्या सेबीच्या परिपत्रकात स्पष्ट आहे की रिडेम्प्शनचे, म्हणजे युनिट्स विकून काढलेले, पैसे ३ कामकाजाच्या दिवसांत गुंतवणूकदाराला पाठवायचे, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के दराने व्याज मूळ रकमेसोबतच द्यायचं, आणि हे व्याज फंड चालवणाऱ्या कंपनीने स्वतःच्या खिशातून द्यायचं, योजनेतल्या बाकी गुंतवणूकदारांच्या पैशातून नाही. (ज्या योजनांचे ८० टक्के किंवा जास्त पैसे परदेशात लावलेले असतात त्यांना ५ दिवस मिळतात.)

तरी लोकांना हे व्याज मिळत नाही, आणि माझ्या अनुभवात त्याची कारणं दोनच, एकतर मागितलंच जात नाही, नाहीतर दिवस चुकीचे मोजून मागितलं जातं आणि त्या एका चुकीवर कंपनी अख्खा अर्ज परत पाठवते. म्हणून मी साताऱ्याच्या मावशीची केस पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगते, तारखांसकट. तिच्या केसमध्ये जवळपास सगळे वळसे आले होते.

मावशीचे एका डेट फंडात पैसे होते, २०२१ मध्ये चेकने भरलेले. जून २०२४ मध्ये घराच्या स्लॅबचं काम काढलं, ठेकेदाराला पैसे द्यायचे होते म्हणून तिने १२ जूनला, बुधवारी, ऑनलाइन रिडेम्प्शन टाकलं, हातात येणार होते ४,८०,००० रुपये. पैसे खात्यात आले २ जुलैला. मधे ठेकेदाराने दोनदा माणसं काढून नेली आणि मावशीला शेजाऱ्यांकडून उसने घ्यावे लागले, तिचा फोन आला तेव्हा ती रडवेली झाली होती, "अगं माझेच पैसे आणि मीच हात पसरतेय."

पहिलं काम: रिडेम्प्शनची तारीख पक्की करा

इथेच सगळ्यात जास्त गडबड होते. तुम्ही बटण दाबलं ती तारीख धरायची नाही, ज्या दिवसाची एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा त्या दिवसाचा भाव, तुम्हाला लागली ती धरायची. दुपारी ३ च्या आत विनंती कंपनीकडे पोचली तर त्याच दिवसाची एनएव्ही, ३ नंतर पोचली तर पुढच्या कामकाजाच्या दिवसाची. (लिक्विड आणि ओव्हरनाइट फंडांचं एनएव्हीचं गणित जरा वेगळं असतं, तिथे स्टेटमेंटवर काय लिहिलंय ते नीट बघा.) आणि तुम्ही एखाद्या ॲपवरून टाकलं असेल तर ॲपवर दिसणारी वेळ नाही, कंपनीकडे किंवा तिच्या रजिस्ट्रारकडे विनंती पोचल्याची वेळ मोजतात. रजिस्ट्रार म्हणजे कॅम्स किंवा केफिनटेक, बहुतेक कंपन्यांचं रेकॉर्ड या दोघांपैकी एकाकडे असतं. त्यांच्या साइटवरून फोलिओचं, म्हणजे फंड कंपनीकडच्या तुमच्या खात्याचं, अकाउंट स्टेटमेंट काढा, त्यात रिडेम्प्शनच्या ओळीसमोर तारीख आणि एनएव्ही छापलेली असते, तीच तुमची तारीख.

मावशीने बटण दाबलं होतं ३ वाजून २० मिनिटांनी. म्हणजे बुधवार १२ जून नाही, गुरुवार १३ जून. स्टेटमेंटवरही १३ जूनच होतं.

मग दिवस मोजा, कॅलेंडर समोर ठेवून

रिडेम्प्शनचा दिवस शून्य धरायचा आणि पुढचे कामकाजाचे ३ दिवस मोजायचे. शनिवार, रविवार, शेअर बाजाराची सुट्टी, बँकेची सुट्टी यातलं काही मोजायचं नाही. मावशीचं असं झालं: १४ जून शुक्रवार पहिला दिवस, १५-१६ शनिवार रविवार, १७ जूनला सोमवारी बकरी ईदची सुट्टी, १८ मंगळवार दुसरा, १९ बुधवार तिसरा. म्हणजे कंपनीला १९ जूनपर्यंत वेळ होता आणि उशीर सुरू झाला २० जूनपासून. उशिराचे दिवस मात्र कॅलेंडरचे मोजायचे, त्यात रविवारही येतो. २० जून ते २ जुलै, दोन्ही धरून, १३ दिवस.

```
व्याज = रक्कम × १५ ÷ १०० × उशिराचे दिवस ÷ ३६५
४,८०,००० × १५ ÷ १०० × १३ ÷ ३६५ = २,५६४.३८
```

मावशीने स्वतः मोजलं होतं तेव्हा १२ जून धरला होता, म्हणजे मुदत १८ ला संपली आणि १४ दिवस, २,७६१ रुपये. फरक दोनशेचाच आहे, पण कंपनीने पहिलं उत्तर त्यावरच दिलं असतं की तुमची तारीखच चूक आहे, आणि आठवडा त्यातच गेला असता.

अजून एक गैरसमज इथेच काढून टाकते. डेट फंडाचे पैसे सहसा दुसऱ्या दिवशी येतात, इक्विटी फंडांचे फंड कंपन्यांनी फेब्रुवारी २०२३ पासून दोन दिवसांत द्यायला सुरुवात केली. ही त्यांची रोजची पद्धत आहे, पण व्याज सुरू होतं ते नियमातले ३ दिवस उलटल्यावरच. एका दिवसात यायचे ते तीन दिवसात आले म्हणून व्याज मागू नका, मिळणार नाही.

कंपनीला जास्तीचे दिवस मिळतात का, ते आधीच तपासा

काही ठरावीक परिस्थितीत कंपनीला नियमानेच थोडी सवलत आहे, ॲम्फीने, म्हणजे फंड कंपन्यांच्या संघटनेने, सेबीशी बोलून जानेवारी २०२३ मध्ये ती यादी काढली. घरगुती गुंतवणूकदाराच्या कामाच्या त्यातल्या तीनच गोष्टी आहेत.

एक, तुम्ही रिडेम्प्शनच्या दोन दिवस आधी किंवा बरोबरच बँक खातं बदलायला टाकलं असेल तर खात्याची पडताळणी आणि थांबायचा काळ संपल्यावर पैसे देतात. दोन, तुमच्या राज्यात बँकेला सुट्टी आणि शेअर बाजार चालू असं असेल तर सुट्टीनंतरचा एक दिवस जास्त मिळतो, उदाहरणार्थ पणजीतल्या माणसाचं खातं असेल आणि मधे ३ डिसेंबरचं सायबाचं फेस्त किंवा १९ डिसेंबरचा गोवा मुक्तिदिन आला तर मुंबईत बाजार चालू असला तरी त्याचा एक दिवस वाढतो. तीन, ऑनलाइन पैसे पाठवताच आले नाहीत, म्हणजे आयएफएससी बदलला, बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली, असं काही झालं आणि चेक किंवा ड्राफ्ट काढावा लागला तर २ दिवस जास्त.

या तिसऱ्या गोष्टीत पुष्कळ जण अडकतात. देना, विजया, सिंडिकेट, अलाहाबाद, कॉर्पोरेशन, आंध्रा या बँका दुसऱ्यात विलीन झाल्या त्याला वर्षं झाली, पण जुन्या फोलिओत अजून तोच आयएफएससी पडून असतो. तसं असेल तर चूक काही प्रमाणात आपली, आणि पूर्ण व्याजासाठी भांडणं कठीण जातं. आणि पैसे परत जाऊन तसेच पडून राहिले तर ते दावा न केलेली रक्कम म्हणून वेगळ्या लिक्विड किंवा ओव्हरनाइट प्लॅनमध्ये टाकतात, मग तिथे जे उत्पन्न होईल ते मिळतं, हे १५ टक्क्यांचं गणित तिथे लावता येत नाही.

मावशीने खातं बदललं नव्हतं, बँक तीच, आयएफएससी तोच, साताऱ्यात जादा सुट्टी नव्हती. तीनही नाही. आता विचारायला हरकत नाही.

यूटीआर मागा, बाकी काही ऐकू नका

२४ जूनला मावशीने कस्टमर केअरला फोन केला तेव्हा उत्तर मिळालं, "मॅडम, आमच्याकडून पेमेंट गेलंय, बँकेकडून उशीर होतोय." हे उत्तर सगळ्यांना मिळतं. यावर एकच प्रश्न विचारायचा, यूटीआर नंबर द्या आणि पेमेंटची तारीख द्या. यूटीआर म्हणजे प्रत्येक एनईएफटी किंवा आरटीजीएसला पडणारा ओळख क्रमांक, तो नसेल तर पेमेंट गेलेलं नाही, असेल तर तुमची बँक पाच मिनिटात सांगते आलं की नाही.

बँकेमुळे पाच-सात दिवस उशीर ही गोष्ट पटण्यासारखीच नाही. डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी चोवीस तास आणि रविवारीही चालते, आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे घेणाऱ्या बँकेने बॅच झाल्यापासून २ तासांत जमा करायचे नाहीतर परत पाठवायचे. खरंच बँकेने पैसे अडवून ठेवले असतील तर बँकेने रेपो दर अधिक २ टक्के या दराने दंडव्याज द्यायचं असतं, मग तक्रार फंडाकडे नाही, बँकेकडे करायची. म्हणून यूटीआरची तारीख आधी हातात पाहिजे, भांडण कोणाशी आहे ते त्यावर ठरतं.

फोनवर बोललात तरी त्याच दिवशी ईमेल करा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. मावशीला मी २५ ला ईमेल करायला लावला, २७ जूनला उत्तर आलं: १८ जूनला पेमेंट पाठवलं होतं, त्याच दिवशी परत आलं, कारण असं खातं नाही, कृपया रद्द केलेला चेक पाठवा. म्हणजे १८ तारखेला पैसे परत आले आणि ९ दिवस कोणी मावशीला एक एसएमएससुद्धा केला नाही, आपण विचारलं म्हणून कळलं. २८ जूनला चेक पाठवला, २ जुलैला ४,८०,००० जमा झाले. व्याज शून्य.

चूक कोणाची, हे कागदावर दाखवा

खातं नाही असं कारण आलं की कंपनी लगेच म्हणते तुमची माहिती चुकीची होती. मान्य करायच्या आधी शोधा. मावशीचं खातं तेच, पासबुक तेच, २०२१ मध्ये चेकसुद्धा त्याच खात्याचा दिलेला. मग मी फोलिओचं स्टेटमेंट उघडलं, त्यात खाते क्रमांक झाकलेला असतो, पुढे एक्स एक्स आणि शेवटचे चार आकडे. ते चार आकडे बरोबर होते म्हणून मावशीला वाटलं होतं ठीक आहे. मी एक्ससकट सगळी अक्षरं मोजली, १३ भरली. पासबुकात क्रमांक १४ आकडी, आणि सुरुवात शून्याने. रेकॉर्ड भरताना पुढचा शून्य गळला होता. मावशीने भरलेल्या फॉर्मची झेरॉक्स तिच्या फाइलमध्ये होती, तिच्या हस्ताक्षरात शून्यासकट १४ आकडे, प्रत्येक चौकोनात एक, आणि सोबत चेकची प्रत. यापेक्षा चांगला पुरावा काय असणार.

तुमचं खातं शून्याने सुरू होत असेल तर आत्ताच स्टेटमेंट काढून आकडे मोजा, रिडेम्प्शन टाकायच्या आधी.

पत्र लिहा, तीन मागण्या, जास्त नाही

पत्रात ठेकेदार, उसने पैसे, मनस्ताप हे सगळं लिहावंसं वाटतं, मावशीलाही वाटत होतं, पण त्या नुकसानीची भरपाई या नियमात नाही. १५ टक्के हीच भरपाई धरलेली आहे. लांबलचक पत्रातून कंपनी नेमकं सोपं तेवढंच उचलून उत्तर देते आणि व्याजाचा मुद्दा राहून जातो. आम्ही ३ जुलैला पाठवलं ते साधारण असं:

विषय: फोलिओ क्रमांक ..., रिडेम्प्शन रक्कम उशिरा मिळाल्याबद्दल खुलासा व व्याज

"माझ्या वरील फोलिओतील रिडेम्प्शन दि. १३ जून २०२४ च्या एनएव्हीने झाले. ३ कामकाजाच्या दिवसांची मुदत १९ जून २०२४ रोजी संपली. रक्कम रु. ४,८०,००० माझ्या खात्यात २ जुलै २०२४ रोजी जमा झाली. उशीर १३ दिवस.

१) विनंती मिळाल्यापासून रक्कम जमा होईपर्यंत प्रत्येक टप्प्याची तारीख, दोन्ही पेमेंटचे यूटीआर आणि पहिले पेमेंट परत आल्याचे कारण लेखी कळवावे.
२) पेमेंट परत आल्याचे मला १८ जूनलाच का कळवले नाही, ते सांगावे.
३) सेबीच्या नियमानुसार वार्षिक १५ टक्के दराने १३ दिवसांचे व्याज रु. २,५६४ त्याच खात्यात जमा करावे, आणि व्याजाचा दर, दिवस व रक्कम कशी काढली ते लेखी द्यावे.

सोबत: अकाउंट स्टेटमेंट, बँक पासबुकाचे पान, २०२१ च्या अर्जाची व चेकची प्रत."

तिसऱ्या मागणीतलं शेवटचं वाक्य वगळू नका. व्याज दिलं की त्याचा दर आणि रक्कम गुंतवणूकदाराला कळवायची असते, आणि अशा व्याजाची माहिती कंपनीला सेबीच्या अहवालातही द्यावी लागते. म्हणून काही वेळा कंपनी व्याज हा शब्द टाळून सदिच्छा रक्कम वगैरे म्हणत थोडे पैसे देऊ बघते. पत्र मराठीत चालतं, पण उत्तर लवकर हवं असेल तर इंग्रजीत पाठवलेलं बरं, मजकूर हाच.

कमी व्याज देऊ केलं तर

१० जुलैला कंपनीचं उत्तर आलं. दिलगिरी होती, आणि व्याज देऊ केलं ७८९ रुपये. गणित काय, तर चेक २८ जूनला मिळाला, म्हणून उशीर फक्त २९ जून ते २ जुलै, ४ दिवस. वाचायला पटतं, आणि बरेच जण इथे हो म्हणतात, मिळताहेत ना काहीतरी. पण कंपनीला नवीन कागद लागला कशाला, तर तिच्याच रेकॉर्डमध्ये शून्य गळला म्हणून, बरोबर क्रमांक तिच्याकडे २०२१ पासून होता. मुदत १९ जूनला संपली होती आणि स्वतःच्या चुकीचा काळ स्वतःच्या हिशोबातून वजा करता येत नाही. एवढंच, अर्धं पान, अर्जाची प्रत परत जोडून ११ जुलैला इन्व्हेस्टर रिलेशन्स ऑफिसरला पाठवलं. प्रत्येक फंड कंपनीत हा अधिकारी असतो, नाव आणि ईमेल कंपनीच्या साइटवर आणि योजनेच्या माहितीपत्रकात मिळतं, कस्टमर केअरच्या वरची ही पायरी आहे आणि ती घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दहा दिवस काहीच आलं नाही.

स्कोअर्स

२२ जुलैला scores.sebi.gov.in या सेबीच्या तक्रार पोर्टलवर तक्रार टाकली. पॅन लागतो, नोंदणी करायची, म्युच्युअल फंड हा प्रकार निवडायचा, कंपनीचं नाव निवडायचं. रजिस्ट्रारविरुद्ध टाकू नका, जबाबदारी फंड कंपनीची आहे. मजकुराला जागा थोडी असते म्हणून वर तारखांची चार वाक्यं आणि व्याजाचं गणित, बाकी सगळं एका पीडीएफमध्ये, त्यात कंपनीचं ७८९ वालं उत्तरही, कारण त्यात उशीर झाल्याचं कंपनीने स्वतः कबूल केलंय. घटना घडल्यापासून एक वर्षाच्या आत तक्रार टाकायची असते, हे लक्षात ठेवा, जुनी प्रकरणं यातच बाद होतात.

कंपनीला २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पटलं नाही तर १५ दिवसांत तिथूनच पुनरावलोकन मागता येतं, ते ॲम्फीकडे जातं, त्यानंतरही नाही पटलं तर परत १५ दिवसांत सेबीकडे. हे १५ दिवस चुकले की तक्रार बंद होते, म्हणून उत्तर आलं का हे अधूनमधून लॉगिन करून बघत राहा. त्याच्याही पुढे smartodr.in वर ऑनलाइन समेट आणि मग लवाद असा रस्ता आहे, पण दोन-अडीच हजारांच्या व्याजासाठी लवादापर्यंत जायला मी सांगणार नाही, समेटापर्यंत जरूर जा. स्कोअर्सवर अडलं तर सेबीचा टोल फ्री नंबर 1800 22 7575 आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

मावशीला तेवढं लागलं नाही. ७ ऑगस्टला २,५६४ रुपये जमा झाले आणि ९ ला स्कोअर्सवर कंपनीचं उत्तर, त्यात १५ टक्के, १३ दिवस, आणि खाते क्रमांक नोंदवताना पहिला आकडा सुटल्याचं स्वच्छ लिहिलेलं.

दोन कामं त्यानंतरची. हे व्याज रिडेम्प्शनच्या रकमेत मिसळून भांडवली नफ्यात धरू नका, रिटर्न भरताना इतर उत्पन्नात वेगळं दाखवा. आणि त्या कंपनीकडे तुमचे अजून फोलिओ असतील तर चूक प्रत्येकात दुरुस्त झाली का ते बघा, एकात केली म्हणून सगळ्यात होत नाही. मावशीच्या दुसऱ्या फोलिओत तेव्हाही १३ च आकडे होते, त्यासाठी वेगळा अर्ज द्यावा लागला.